मध्यरात्रीचा सूर्य: लाँगइयरबिएनचे उदाहरण

कारण: पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंशांनी कललेला असून त्याची दिशा वर्षभर जवळपास तीच राहते. त्यामुळे जूनमध्ये उत्तर ध्रुव सूर्याकडे झुकतो, तर डिसेंबरमध्ये त्याच्यापासून दूर जातो.

गणित: नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगइयरबिएन हे गाव सुमारे ७८.२ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे ध्रुवापासून ११.८ अंशांवर आहे. सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, उत्तरेस याहून अधिक झाली की तेथे सूर्य मावळत नाही. ही स्थिती साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट टिकते. २१ जूनच्या मध्यरात्रीही सूर्य उत्तर क्षितिजावर ११.६ अंश उंच असतो.

ध्रुवीय रात्र: ऑक्टोबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, आणि २१ डिसेंबरला तो भर दुपारीही क्षितिजाखाली ११.६ अंशच असल्याने दक्षिणेला केवळ अंधुक संधिप्रकाश दिसतो.

असमतोल: प्रकाशाचा काळ अंधाराच्या काळाहून मोठा ठरतो, कारण वातावरणातील अपवर्तनामुळे सूर्यबिंब सुमारे अर्धा अंश वर उचललेले दिसते आणि बिंबाची वरची कड दिसली तरी सूर्य उगवलेला मानला जातो.