पिशवी काढून का टाकत नाहीत?

पाळी जाऊन वर्ष झालेल्या बाईच्या अंगावरून पुन्हा रक्त जाऊ लागतं. बायोप्सीत गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघतो. घरचे लगेच म्हणतात, ‘डॉक्टर, पिशवीच काढून टाका.’ डॉक्टर मात्र नाही म्हणतात आणि घरच्यांना वाटतं, केस हाताबाहेर गेली.

समजा, या बाईंचं वय ५० आहे आणि एमआरआयमध्ये गाठ ५ सेंटिमीटरची दिसते. आतून तपासताना गर्भाशयमुखाच्या उजव्या बाजूची ऊतीही जाड लागते, पण जाडपणा ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचलेला नाही. हा टप्पा ‘दोन-बी’. भिंतीपर्यंत पोचला असता किंवा मूत्रवाहिनी दाबून किडनी फुगली असती, तर टप्पा तिसरा झाला असता. म्हणूनच किडनीची सोनोग्राफी करतात. २०१८पासून स्कॅनमध्ये दिसणाऱ्या लसिकाग्रंथीही टप्पा ठरवताना धरतात. ग्रंथीत कॅन्सर असेल, तर गाठ लहान असली तरी टप्पा तिसराच.

गाठ ४ सेंटिमीटरपर्यंत असेल आणि आजूबाजूला पसरलेली नसेल, तर ऑपरेशन चांगलं. तेही साधं पिशवी काढणं नव्हे. सहसा बाजूची ऊती, योनीचा वरचा भाग आणि ग्रंथीही काढाव्या लागतात. आपल्या बाईंच्या बाबतीत मात्र सर्जनची सुरी कॅन्सरच्या कडेबाहेरून जाईल याची खात्री नाही. कड राहिली की नंतर रेडिएशन द्यावंच लागतं, आणि दोन्ही उपचारांचे त्रास एकाच शरीराला सोसावे लागतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने अशा रुग्णांमध्ये ‘आधी केमो, मग ऑपरेशन’ आणि ‘केमोसह रेडिएशन’ यांची तुलना केली. पाच वर्षं आजारमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात सुमारे ६९ टक्के, तर दुसऱ्या गटात ७७ टक्के होतं.

म्हणून बाईंना सुमारे पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस बाहेरून रेडिएशन आणि आठवड्याला एकदा थोडं सिस्प्लॅटिन. ते किडनीला जड, म्हणून आधी क्रिएटिनिन पाहतात. शेवटी ब्रॅकीथेरपी, म्हणजे आत नळ्या ठेवून थेट गाठीला रेडिएशन. याची भीती वाटून काहीजणी इथेच थांबतात, आणि खरा घोटाळा तिथेच होतो: बाहेरच्या रेडिएशनने गाठ विरघळली, तरी मुळापर्यंत डोस या टप्प्यातच पोचतो. सगळं मिळून आठ आठवड्यांत आटपायला हवं.

नंतर पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी आतून तपासणी; आजार उलटण्याचा धोका याच काळात जास्त. पाचव्या वर्षापर्यंत सहा ते बारा महिन्यांनी, पुढे वर्षाला एकदा. मधल्या काळात रक्त गेलं, कंबर सतत दुखली किंवा एकच पाय सुजला, तर तारखेची वाट पाहू नये. शौचातून रक्त मात्र रेडिएशनमुळेही जाऊ शकतं, कधी वर्षभरानंतर. तेही दाखवावंच. योनी आकसते, त्यासाठी डायलेटर नियमित वापरायचा असतो. हे डॉक्टर अनेकदा सांगत नाहीत आणि बायका विचारत नाहीत. बाईंनी पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं.