आधी गरज, मग इअरफोन

डोंबिवली स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानात एक बाई बराच वेळ काचेच्या कपाटाकडे बघत उभ्या होत्या. "वायरलेस इअरफोन हवेत, पण मला त्यातलं काही कळत नाही," त्या चाचरत म्हणाल्या. दुकानदारानं एकही खोका पुढे न करता विचारलं, "ताई, वापरणार कुठे?"

विम्याच्या ऑफिसात नोकरी, रोज दादरपर्यंत लोकल, रस्त्यानं चालताना ग्राहकांचे फोन आणि परतताना गाणी, असं त्यांनी सांगितलं. मग एका खोक्याकडे बोट दाखवलं. "यावर ईएनसी लिहिलंय. म्हणजे गाडीचा आवाज बंद होईल ना?"

"नाही ताई, इथेच पुष्कळांची गफलत होते. ईएनसी ही माइकची सोय. तुमच्या आजूबाजूचा गोंगाट फोनवर समोरच्याला कमी ऐकू जातो. तुमच्या कानाला गोंगाट कमी ऐकू यावा, तर एएनसी लागते. तीसुद्धा गाडीची सलग घरघर चांगली कमी करते, शेजारच्यांच्या गप्पा तेवढ्या नाही. तुमचं मुख्य काम फोनवर बोलण्याचं, म्हणून आधी माइक बघू."

"आणि हे चाळीस तास?"

"ते डबीसकट. डबी बड्सना पुन्हा पुन्हा चार्ज करते, त्या सगळ्याची ही बेरीज. बड्स एका दमात किती चालतात, ते खोक्यावर बारीक अक्षरात असतं. याचे सहा तास आहेत."

खरी भीती त्यांनी आत्ता सांगितली. "गर्दीत धक्का लागून कानातून पडले तर?"

दुकानदारानं नेकबँड काढला. "कानातून निसटला तरी गळ्यात राहतो. फोन आला की मानेपाशी थरथरतो, पर्समधला मोबाइल शोधावा लागत नाही. डबीही सांभाळायला नको. मात्र याची बॅटरी संपली, की चार्जर गाठावाच लागेल."

दाखवायला ठेवलेल्या नेकबँडची रबरी टोकं पुसून त्यानं तो त्यांच्या हाती दिला. गाणं लागलं, पण आवाज पोकळ वाटला. "बोटानं हलकेच आत दाबा." दाबताच तबल्याचा ठेका भरून आला. "म्हणजे टोक कानाला सैल होतंय. खोक्यात तीन मापं असतात." मोठं टोक लावल्यावर बोट न लावताही ठेका तसाच भरीव राहिला आणि बाहेरचा गलकाही थोडा दबला.

शेवटी त्यानं त्यांना दुकानाच्या पायरीवर, रिक्षांच्या रांगेजवळ उभं राहून मुलीला फोन लावायला सांगितला. "हॉर्न ऐकू येतात, पण तुझं बोलणं स्पष्ट आहे," मुलगी म्हणाली.

बाईंनी नेकबँड घेतला. बिलावर मॉडेल आणि तारीख लिहून दुकानदार म्हणाला, "वॉरंटीसाठी बिल जपा. आणि रस्ता ओलांडताना दोन्ही कान मोकळे ठेवा."