संगणकातला हातचा: सी भाषेत अतिमोठ्या संख्यांची बेरीज

सी भाषेतील `uint64_t` हा पूर्णांकाचा प्रकार शून्यापासून १८४४६७४४०७३७०९५५१६१५ पर्यंतच्या संख्या साठवू शकतो. ही मर्यादा वीस अंकी आहे, पण ती ओलांडायला फार वेळ लागत नाही. फिबोनाची श्रेणीत प्रत्येक पद आधीच्या दोन पदांची बेरीज असते: १, १, २, ३, ५, ८, १३ आणि पुढे. या श्रेणीचे ९२वे पद ७५४०११३८०४७४६३४६४२९ आहे आणि ९३वे १२२००१६०४१५१२१८७६७३८. दोन्ही पदे मर्यादेत बसतात. त्यांची बेरीज, म्हणजे ९४वे पद, १९७४०२७४२१९८६८२२३१६७ आहे. ते मात्र बसत नाही. सी भाषेतला प्रोग्रॅम या ठिकाणी थांबत नाही, चूक झाल्याची सूचनाही देत नाही. तो १२९३५३०१४६१५८६७१५५१ हे उत्तर छापतो. खऱ्या बेरजेला २ च्या ६४व्या घाताने भागल्यावर उरणारी ही बाकी आहे. आधीच्या पदापेक्षा पुढचे पद लहान आले, एवढीच काय ती चुकीची खूण.

यावर उपाय म्हणजे संख्या एकाच पूर्णांकात न कोंबता तिचे अंक सुटे करून अ‍ॅरेमध्ये मांडणे. अ‍ॅरेच्या प्रत्येक घरात ० ते ९ यांपैकी एक अंक ठेवायचा आणि संख्या किती अंकी आहे ते वेगळ्या चलात नोंदवायचे. मग बेरीज करायची ती शाळेत पाटीवर शिकवतात त्याच रीतीने: एककापासून सुरुवात, दहा झाले की हातचा एक, तो पुढच्या स्थानात.

अंक कोणत्या क्रमाने ठेवायचे हा पहिला निर्णय आहे. कागदावर संख्या डावीकडून उजवीकडे लिहिली जाते, म्हणून सर्वांत मोठ्या स्थानाचा अंक शून्याव्या घरात ठेवावासा वाटतो. पण बेरीज एककापासून सुरू होते आणि उत्तर वाढते ते मोठ्या स्थानाच्या बाजूला. एकक शून्याव्या घरात, दशक पहिल्या घरात, शतक दुसऱ्या घरात असा उलटा क्रम ठेवला, तर दोन सोयी होतात. दोन्ही संख्यांचे एकक आपोआप एकाच क्रमांकाच्या घरात येतात, मग एक संख्या वीस अंकी आणि दुसरी तीन अंकी असली तरी चालते. शिवाय शेवटी हातचा उरला, तर तो पुढच्या मोकळ्या घरात लिहिता येतो. आधीचे अंक सरकवावे लागत नाहीत.

संख्या बहुधा अक्षरमालेच्या रूपात वाचली जाते आणि तिथे '7' हे अक्षर ७ या किमतीने नव्हे, तर ५५ या संकेतांकाने साठवलेले असते. म्हणून अ‍ॅरेत ठेवताना प्रत्येक अक्षरातून '0' वजा करावे लागते आणि छापताना तो पुन्हा मिळवावा लागतो. सी भाषेच्या नियमानुसार '0' ते '9' यांचे संकेतांक सलग असतात, त्यामुळे ही वजाबाकी कुठल्याही संगणकावर बरोबर ठरते.

एवढी तयारी झाल्यावर बेरजेचे फंक्शन लहानच राहते:

```c
int add(const unsigned char *a, int na,
        const unsigned char *b, int nb,
        unsigned char *r)
{
    int n = na > nb ? na : nb;
    int carry = 0;
    for (int i = 0; i < n; i++) {
        int s = carry;
        if (i < na) s += a[i];
        if (i < nb) s += b[i];
        r[i] = s % 10;
        carry = s / 10;
    }
    if (carry) r[n++] = carry;
    return n;
}
```

`na` आणि `nb` या दोन संख्यांच्या लांब्या आहेत, `carry` म्हणजे हातचा आणि `s` म्हणजे एका स्थानाची बेरीज. दहाने भागल्यावर उरलेली बाकी त्या स्थानाचा अंक होते आणि भागाकार हातचा होतो. आखूड संख्येचे अंक संपले की तिच्या जागी शून्य धरले जाते. फंक्शन उत्तराची लांबी परत करते.

वरची दोन पदे या रीतीने मिळवून पाहता येतात. एककाला ८ आणि ९ मिळून १७: अंक ७, हातचा १. दशकाला ३, २ आणि हातचा १ मिळून ६, हातचा नाही. शतकाला ७ आणि ४ मिळून ११: अंक १, हातचा १. पुढे ६, ६ आणि १ मिळून १३. मग ७, ४ आणि १ मिळून १२. मग ८, ३ आणि १ मिळून पुन्हा १२. शतकात सुटलेला हातचा असा सलग पुढे जात राहतो आणि सातव्या स्थानी थांबतो, कारण तिथे १, ६ आणि १ मिळून केवळ ८ होतात. त्यानंतर हातचा एकदाच येतो, बाराव्या स्थानी, जिथे ४ आणि ८ मिळून १२ होतात. विसाव्या स्थानी दुसऱ्या संख्येचा अंकच नाही, म्हणून १ तसाच उतरतो. उत्तर १९७४०२७४२१९८६८२२३१६७ येते आणि ते अचूक आहे. वीस स्थानांत हातचा सहा वेळा आला.

हातचा एकापेक्षा मोठा कधीच होत नाही. एका स्थानी जास्तीत जास्त ९, ९ आणि आधीचा हातचा १ येऊ शकतो. त्यांची बेरीज १९ होते, म्हणजे पुन्हा हातचा एकच. तो किती दूर जाईल याला मात्र संख्येच्या लांबीशिवाय दुसरी मर्यादा नाही. हजार नवांच्या संख्येत १ मिळवला, तर एककात निर्माण झालेला हातचा प्रत्येक ९ चा ० करत थेट हजाराव्या स्थानापर्यंत जातो आणि तिथून बाहेर पडून एक हजार एकावा अंक होतो. म्हणून उत्तराच्या अ‍ॅरेला मोठ्या संख्येपेक्षा एक घर जास्त हवे. दोन संख्यांच्या बेरजेला यापेक्षा जास्त जागा कधीच लागत नाही.

बहुतेक चुका याच टोकाला होतात. लूप संपल्यावरची `if (carry)` ही ओळ राहून गेली, तर ९९९ आणि १ यांची बेरीज ००० येते. ही चूक सहज नजरेला येत नाही, कारण सर्वांत मोठ्या स्थानातून हातचा बाहेर पडत नाही अशा सगळ्या उदाहरणांत उत्तर बरोबरच असते. जादा घर ठेवायचे राहिले, तर चूक आणखी घातक ठरते. सी भाषा अ‍ॅरेची हद्द तपासत नाही. शेवटचा हातचा शेजारच्या एखाद्या चलावर लिहिला जातो आणि बिघाड प्रोग्रॅमच्या भलत्याच भागात दिसतो. फिबोनाचीचे १०००वे पद २०९ अंकी आहे. तेथपर्यंत जायचे, तर २०० घरांचा अ‍ॅरे पुरणार नाही हे आधीच हेरावे लागते.

उत्तर बरोबर आहे का, हे पाहण्याची एक सोपी आणि नेमकी कसोटी हातच्याच्या स्वभावातच आहे. एखाद्या स्थानी हातचा आला की त्या स्थानातून १० कमी होतात आणि पुढच्या स्थानात १ वाढतो. म्हणजे प्रत्येक हातच्यामागे अंकांची एकूण बेरीज ९ ने घटते. ९३व्या पदाच्या सर्व अंकांची बेरीज ६५ आहे, ९२व्या पदाची ७८. दोन्ही मिळून १४३. उत्तराच्या अंकांची बेरीज ८९ आहे. फरक ५४, म्हणजे ९ गुणिले ६, आणि हातचे सहाच होते. मध्येच एखादा हातचा हरवला, तर त्या ठिकाणी ९ ऐवजी १० ची घट होते आणि हिशेब लगेच बिघडतो. ९९९ आणि १ यांच्या उदाहरणात अंकांची बेरीज २८ आणि उत्तर ००० असेल, तर फरक २८ राहतो. त्याला ९ ने भाग जात नाही. मात्र उत्तरातील अंकांची अदलाबदल झाली असेल, तर अंकांची बेरीज तीच राहते आणि ही कसोटी चूक पकडू शकत नाही.

एका घरात एकच अंक ठेवणे समजायला सोपे असले, तरी त्यात जागा आणि वेळ दोन्ही वाया जातात. ३२-बिट घरात एका अंकाऐवजी नऊ अंकांचा गट सहज मावतो. मग पाया १० ऐवजी १००००००००० होतो आणि वरच्या फंक्शनमध्ये घरांचा प्रकार `uint32_t` करून 10 च्या जागी 1000000000 लिहिले की काम होते. दोन गट आणि हातचा यांची बेरीज जास्तीत जास्त १९९९९९९९९९ होते. ३२-बिट `int` ची मर्यादा २१४७४८३६४७ असल्याने ती `s` मध्ये बसते. दहा अंकांचे गट केले, तर ९९९९९९९९९९ ही संख्या ३२ बिटांत मावतच नाही, म्हणून नऊ.

तीच दोन पदे आता १२, २००१६०४१५, १२१८७६७३८ आणि ७, ५४०११३८०४, ७४६३४६४२९ अशी प्रत्येकी तीन गटांत मांडली जातात. गटवार बेरीज १९, ७४०२७४२१९, ८६८२२३१६७ येते. वीस पायऱ्यांचे काम तीन पायऱ्यांत संपते आणि गटागटांमध्ये एकदाही हातचा जात नाही. आधीचे सहाही हातचे नऊ अंकी गटांच्या आत सामावले जातात आणि प्रोसेसर ते एकाच बेरजेत उरकतो.

या पद्धतीत नवी काळजी घ्यावी लागते ती छापताना. १००००००००७ या संख्येचे गट १ आणि ७ असे साठवले जातात. ते तसेच छापले, तर १७ दिसते. म्हणून सर्वांत मोठा गट साधा छापून बाकीचे सगळे `%09u` या सूचनेने छापावे लागतात, म्हणजे गटाआधीची शून्ये गळत नाहीत. मधल्या गटांची सुरुवात शून्याने होत नसेल तेव्हा ही चूक लपून राहते, त्यामुळे तपासणीत अशी एखादी संख्या मुद्दाम घ्यावी लागते.

याच्याही पुढे जाऊन घराची पूर्ण ३२ किंवा ६४ बिटे वापरता येतात. मोठ्या संख्यांसाठीची जीएमपी ही प्रसिद्ध लायब्ररी तसेच करते. तिथे दहाने भागण्याची गरज उरत नाही. मर्यादा ओलांडली की चिन्हविरहित पूर्णांक शून्यापासून पुन्हा मोजू लागतो, म्हणून बेरीज मिळवलेल्या संख्येपेक्षा लहान आली की हातचा आला असे समजते. आधीचा हातचाही मिळवायचा असल्याने ही तपासणी दोनदा करावी लागते:

```c
uint64_t s  = a[i] + carry;
uint64_t c1 = s < carry;
s += b[i];
uint64_t c2 = s < b[i];
r[i]  = s;
carry = c1 | c2;
```

शेवटी एकदाच `s < a[i]` असे तपासून चालत नाही. `b[i]` ची किंमत सर्वांत मोठी असेल आणि आधीचा हातचा १ असेल, तर बेरीज एक पूर्ण फेरी मारून नेमकी `a[i]` एवढीच येते. ती लहान नसल्याने तपासणी हातचा नाही असे सांगते, प्रत्यक्षात तो असतो. हे सर्व फक्त चिन्हविरहित प्रकारांना लागू आहे. चिन्हासहित पूर्णांकाने मर्यादा ओलांडली, तर काय होईल याची हमी सी भाषा देत नाही.

या मांडणीत बेरीज सर्वांत वेगवान होते, पण उत्तर दशमान रूपात छापण्यासाठी पूर्ण संख्येला पुन्हा पुन्हा भागत अंक काढावे लागतात. म्हणून प्रत्येक पायरीला उत्तर छापायचे असेल, तर नऊ अंकी गट सोयीचे पडतात. लाखो बेरजांनंतर एकदाच छापायचे असेल, तर पूर्ण बिटांची मांडणी.