फळा न दिसणारं व्याख्यान

ध्वनिमुद्रणातून यंत्राने उतरवलेल्या मजकुरात सरांचे शब्द असतात, फळा मात्र नसतो. रसायनशास्त्राच्या तासाला सर म्हणतात, ‘संहती दहाचा उणे तीन घात, म्हणून सामू तीन.’ यंत्र ‘घात’ गाळून ‘10 उणे 3’ लिहितं आणि आकडा सात होतो! म्हणून मजकुरातलं प्रत्येक उदाहरण कागदावर पुन्हा सोडवायचं.

टिपण काढताना आधी शीर्षकं शोधा. ‘आता पुढे’, ‘पण समजा’ म्हणत सर जिथे वळतात, तिथे नवा भाग सुरू होतो. ‘सामू’ यासारखं शीर्षक मोघम आहे. ‘आम्ल दहापट विरल केलं तर सामू किती बदलतो?’ हे उपयोगी. व्याख्या बरेचदा उदाहरणानंतर येते, ती उचलून वर न्या: सामू = −log₁₀[H⁺]. इथे [H⁺] म्हणजे दर लिटरमधले हायड्रोजन आयनांचे मोल.

आता उदाहरण. हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती 10⁻³, सामू 3. दहापट विरल केलं की 10⁻⁴, सामू 4. याच चालीने 10⁻⁸ ला सामू 8 येतो, म्हणजे आम्ल घालून द्रावण आम्लारीधर्मी! इथे पाण्याचे स्वतःचे आयन धरावे लागतात. 25 अंश सेल्सिअसला उत्तर सुमारे 6.98 येतं. सरांचा ‘इथे जपून’ हा पुटपुटलेला इशारा टिपणात ठळक हवा. संक्षेप करताना नेमकी अशीच वाक्यं आधी कापली जातात. शंका राहिली, तर शेजारी ध्वनिमुद्रणातली वेळ लिहून ठेवावी.