नोटीस शुक्रवारची, काम सोमवारचं

आषाढी एकादशीच्या आधीचा आठवडा घेऊ. घरात मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत, दोघं एकाच शाळेत. शुक्रवारी शाळेची दिंडी आहे. ही एक बातमी पालकांपर्यंत तुकड्यातुकड्यांनी पोहोचते. शाळेच्या ॲपवर शनिवारी दुपारी ‘परिपत्रक क्र. २७’ एवढाच मथळा येतो. उघडलं तर दोन पानांची पीडीएफ: तिसरीच्या मुलांना वारकऱ्याचा वेश, सातवीच्या मुलींना नऊवारी, आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी संमतिपत्र, बुधवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यायचं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाई लिहितात की घरी टाळ असतील तर पाठवा, डबा कोरडा द्या. बसच्या ग्रुपवर बसकाका सांगतात, ‘शुक्रवारी साडेअकराला पोरं सोडणार.’ ईमेलमध्ये दिंडीचं नावही नसतं. तिथे फीच्या दुसऱ्या हप्त्याची शेवटची तारीख असते, याच गुरुवारची.

यातून आठवड्याची यादी करायला बसलेला पालक बहुधा पहिली ओळ लिहितो: ‘शुक्रवार – दिंडी’. ही ओळ खरी आहे, पण उपयोगाची नाही. ती वाचून गुरुवारी रात्री नऊवारी शोधायला निघावं लागतं. शाळेची नोटीस कार्यक्रम कधी आहे ते सांगते. यादीत लागतो तो आपलं काम उरकण्याचा शेवटचा सोयीचा दिवस. या दोन तारखा क्वचितच एक असतात.

म्हणून शुक्रवारपासून मागे यायचं. आषाढीच्या आठवड्यात गावातल्या सगळ्याच शाळांची दिंडी असते, त्यामुळे भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानात लहान मापाच्या नऊवारी आधी संपतात. मग ‘सातवी: नऊवारी सांगून ठेवणे’ हे काम सोमवारचं. संमतिपत्र बुधवारी द्यायचं, तर घरी प्रिंटर नसलेल्यांना झेरॉक्सच्या दुकानात जावं लागेल. सही होऊन ते मंगळवारी रात्री दप्तरात गेलं पाहिजे. दोन मुलं म्हणजे दोन संमतिपत्रं, हेही तिथेच लिहायचं. शुक्रवारी साडेअकराला बसथांब्यावर कोण उभं राहणार, हे ठरवायचं काम रविवारचं, कारण आईला किंवा बाबांना अर्धी रजा टाकायची तर ऑफिसात सोमवारीच सांगावं लागतं. टाळ आणि कोरडा डबा एवढंच गुरुवार रात्रीसाठी उरतं. एका दिंडीची चार-पाच कामं झाली, आणि शुक्रवारच्या रकान्यात फक्त थांब्यावर जाणं राहिलं.

प्रत्येक ओळीच्या शेवटी क्रियापद हवं. ‘चार्ट पेपर’ असं लिहिलं की तो आणायचा, भरायचा की जमा करायचा, हे बुधवारी कुणालाच आठवत नाही. आधी मुलाची इयत्ता, मग काम, मग दिवस, आणि कोपऱ्यात मूळ सूचना कुठे आहे त्याची खूण: ॲपला ‘ॲ’, ग्रुपला ‘ग्रु’, मेलला ‘मे’. ही खूण क्षुल्लक वाटते, पण नऊवारीचा रंग कुठला सांगितला होता, असा प्रश्न पडला की चार ठिकाणी शोधाशोध करावी लागत नाही.

घोळाची खरी जागा म्हणजे ‘उद्या’ हा शब्द. बाईंनी सोमवारी संध्याकाळी लिहिलं, ‘सातवीने उद्या भूगोलाची वही आणावी’. ते कुणीतरी मंगळवारी सकाळी दुसऱ्या ग्रुपवर पुढे ढकललं. पुढे ढकललेल्या मेसेजवर वेळ दिसते ती ढकलल्याची, मूळ लिहिल्याची नाही. त्यामुळे मंगळवारचं काम आता बुधवारचं वाटू लागतं. ‘उद्या’, ‘परवा’, ‘येत्या शनिवारी’ असे शब्द यादीत कधीच उतरवू नयेत. मूळ मेसेज गाठून वार आणि तारीख लिहावी. मूळ सापडत नसेल तर ओळीपुढे प्रश्नचिन्ह टाकावं. चाचणी परीक्षेच्या वेळापत्रकाचंही असंच होतं. सुधारित वेळापत्रक आलं तरी जुना फोटो ग्रुपवर फिरतच राहतो, आणि दोन्हींवर ‘इयत्ता सातवी’ एवढंच ठळक असतं. फोटोतल्या कागदावरची तारीख किंवा जावक क्रमांक पाहिल्याशिवाय त्यातला एकही विषय यादीत घेऊ नये.

सूचना एकमेकींशी भांडतातही. समजा परिपत्रकात शाळा बारा वाजता सुटणार आहे आणि बसकाका साडेअकरा म्हणतात. अशा वेळी ग्रुपवर विचारलं की पंधरा उत्तरं येतात आणि त्यातली बरीचशी ‘मला वाटतं’ने सुरू होतात. ज्याचं काम त्याचाच शब्द धरावा: शाळा सुटण्याची वेळ शाळेच्या ॲपवरून, बसची वेळ बसकाकांकडून. तरीही जुळत नसेल तर सोमवारी एक फोन करायचा, आणि तो फोनही यादीत एक ओळ म्हणून लिहायचा.

गोळा करण्याचं काम आठवडाभर थोडं थोडं होऊ शकतं. व्हॉट्सॲपवर काम सांगणारा मेसेज दिसला की बोट दाबून धरायचं आणि तारा द्यायचा. रविवारी ताऱ्यांची यादी उघडली की शुभेच्छा, हात जोडलेले इमोजी आणि ‘धन्यवाद मॅडम’ची रांग आपोआप बाजूला पडते. जीमेलवर शाळेच्या पत्त्यावरून येणाऱ्या मेलसाठी फिल्टर लावून ‘शाळा’ असं लेबल द्यावं, नाहीतर फीचं मेल जाहिरातींच्या कप्प्यात पडून राहतं. फिल्टर लावायचं काम संगणकावर सोपं पडतं. शाळेच्या ॲपचा मात्र भरवसा धरू नये. बऱ्याच ॲपमध्ये नोटीस उघडली की ती ‘वाचलेली’ होते आणि लाल ठिपका जातो. बसमध्ये उभ्याउभ्या उघडलेली नोटीस मग नजरेतून सुटते. ॲपमध्ये म्हणून रविवारी मागच्या रविवारपर्यंत खाली सरकत जायचं, ठिपका असो वा नसो.

बसायचं ते रविवारी सकाळी. बहुतेक जण रात्री बसतात, आणि यादीतून निघालेल्या खरेदीला तोवर दुकानं बंद झालेली असतात. यादी कागदावर एका पानात मावावी. मावत नसेल तर त्यात ज्या ओळींवर आपल्याला काही करायचं नाही अशा ओळी शिरल्या आहेत, हे समजावं. पान फ्रीजवर लावून त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला की थांब्यावर जाणाऱ्या आजोबांनाही साडेअकराची वेळ कळते. मधल्या दिवसांत काही बदललं तर यादी नव्याने करू नये. त्याच ओळीवर लाल पेनाने खाडाखोड करावी, म्हणजे काय बदललं तेही दिसतं.

या पद्धतीच्या हाती न लागणारी गोष्ट म्हणजे पावसाची सुट्टी. मुसळधार पावसाच्या इशाऱ्यानंतर जिल्हाधिकारी रात्री उशिरा किंवा पहाटे सुट्टी जाहीर करतात, आणि त्याच वेळी जुन्या वर्षाचं सुट्टीचं पत्रही ग्रुपवर फिरायला लागतं. पत्राच्या वरच्या बाजूला दिनांक असतो आणि मजकुरात सुट्टीची तारीख वेगळी दिलेली असते; दोन्हींतलं वर्ष वाचावं, जिल्हा आपलाच आहे ना ते पाहावं, आणि शाळेच्या ॲपवर तीच सूचना आली का ते बघून मगच गजर बंद करावा. सुट्टी खरी निघाली तर त्या दिवसाच्या ओळी खोडू नयेत. त्यांच्यापुढे बाण काढून ठेवावा, कारण चाचणी आणि संमतिपत्र बहुधा पुढच्या शाळेच्या दिवसावर ढकलले जातात, फीची तारीख मात्र सहसा तीच राहते.