एकाच नावाच्या दोन फाइली

लिनक्सवर एखादा फोल्डर उघडावा आणि त्यात café.txt नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसाव्यात, अक्षरशः सारख्या. संगणक तर एका फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली ठेवू देत नाही. मग हे झालं कसं?

शेवटच्या é मध्ये गोम आहे. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: एकतर तयार जोडलेलं एकच चिन्ह, किंवा साधा e आणि त्यामागोमाग वेगळं आघातचिन्ह. पडद्यावर फरक शून्य, पण साठवलेले बाइट वेगळे. युनिकोडच्या नियमांनुसार ही दोन्ही रूपं समान मानायची असतात. लिनक्सची नेहमीची फाइलव्यवस्था मात्र नाव म्हणजे नुसते बाइट समजते. मॅकच्या जुन्या, 1998 सालच्या एचएफएस प्लसचा खाक्या निराळाच होता: तुम्ही कसंही लिहा, ती नाव सुटं करूनच ठेवायची.

आता लिनक्सवरच्या कोणी जोडलेल्या é ची फाइल गिटमध्ये टाकली आणि मॅकवाल्याने ती उतरवून घेतली. डिस्कवर नाव सुटं झालं. गिटने फोल्डर वाचला, तर त्याच्या नोंदीत नसलेलं नाव समोर! त्याने ती नवी, नोंद नसलेली फाइल ठरवली. मॅकवाल्याने भाबडेपणाने `git add` केलं, की झाल्या दोन नोंदी. `git ls-files` हे उघडं पाडतं:

```
"cafe\314\201.txt"
"caf\303\251.txt"
```

पहिल्या ओळीत e शाबूत आहे, म्हणजे ते सुटं रूप.

2012 पासून गिटमध्ये `core.precomposeunicode` ही सेटिंग आहे. ती चालू असली की मॅकवरचं गिट डिस्कवरून वाचलेली नावं जोडून घेतं. आधीच शिरलेली सुटी नावं मात्र ती साफ करत नाही. 2017 मध्ये मॅकवर आलेली एपीएफएस नाव दिलं तसं जपते, पण दोन्ही रूपांना एकच फाइल मानते. म्हणून निस्तरायचं काम लिनक्सवरच करावं. मॅकवर एक पुसायला जाल आणि होती ती एकुलती एक फाइल गमवाल. आधी दोन्हींतला मजकूर ताडून पाहा, कारण एव्हाना दोघांनी वेगवेगळ्या प्रतींत बदल केलेले असू शकतात. मग सुटी नोंद काढा:

```
git rm cafe*.txt
```

जोडलेल्या नावात साधा e नसल्यामुळे ते या जाळ्यात सापडत नाही. (cafeteria.txt असेल तर ती मात्र सापडेल!)

हा त्रास फ्रेंच नावांपुरता नाही. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ऱ सुद्धा दोन रूपांत येतो: एक तयार अक्षर, किंवा र आणि नुक्ता. जुन्या मॅकवरून लिनक्सवर आलेल्या अशा फाइलीचं नाव कीबोर्डवर टाइप करून शोधलं, तर ती समोर असूनही सापडत नाही.