‘माझे मिस्टर’ आणि ‘स्टीलचा ग्लास’: उसने शब्द अर्थ कसा बदलतात?

मागच्या व्याख्यानात आपण शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत कसे येतात ते पाहिलं. आज प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आलेला शब्द आपला मूळ अर्थ सोबत आणतो का? उत्तर असं की, सगळा आणत नाही. दारातून आत येताना तो अर्थाचा एखादाच तुकडा घेऊन येतो आणि मग इथे राहून तो तुकडा वेगळ्याच दिशेने वाढतो.

रोजच्या वापरातला शब्द घेऊ: ग्लास. इंग्रजीत या शब्दाचा पहिला अर्थ काच. काचेच्या वस्तूंनाही तोच शब्द लागू झाला. पाणी प्यायचं भांडं ग्लास, आरसा ग्लास, दुर्बीण ग्लास आणि अनेकवचन केलं की चष्मा. आता मराठीकडे बघा. काच होती, आरसा होता, दुर्बीण होती, चष्मा होता. या जागा भरलेल्या होत्या. पाणी प्यायला पेला होता, फुलपात्र होतं, पण ती साधारणपणे धातूची. काचेचं, उभट, बिनकानाचं भांडं ही नवी वस्तू होती. तेवढ्या एका जागेवर ‘ग्लास’ येऊन बसला.

इथपर्यंत अर्थ आकसला. पुढची पायरी जास्त मजेची आहे. मराठी बोलणाऱ्याच्या मनात ‘ग्लास’ आणि ‘काच’ यांचा काही संबंधच नव्हता. त्याच्या दृष्टीने ग्लास म्हणजे एक आकार. मग त्याच आकाराचं भांडं स्टीलचं आलं, तेव्हा तो सहज म्हणाला, ‘स्टीलचा ग्लास’. पुढे प्लास्टिकचा ग्लास आला, कागदाचा आला. आणि आज खरोखर काचेचा हवा असेल, तर आपल्याला मुद्दाम ‘काचेचा ग्लास’ म्हणावं लागतं. (हशा) मुळाशी जाऊन अर्थ लावला तर हे ‘काचेची काच’ झालं. पण कोणालाच ते खटकत नाही, कारण मराठीतला ‘ग्लास’ आता काचेपासून पूर्ण सुटला आहे.

म्हणजे दोन गोष्टी घडल्या. आधी रिकाम्या जागेपुरता अर्थ घेतला गेला आणि मग मूळ भाषेतला धागा तुटल्यामुळे तो मोकळेपणाने पसरला. हे लक्षात ठेवा, कारण आता जरा नाजूक उदाहरण घ्यायचं आहे.

‘माझे मिस्टर बँकेत आहेत.’ हे वाक्य ऐकून काही लोक हसतात. ‘इंग्रजी येत नाही तर बोलावं कशाला,’ असंही म्हणतात. इंग्रजीत मिस्टर हा नावाआधी लावायचा शब्द आहे, ‘नवरा’ असा त्याचा अर्थ नाही, हे खरंच आहे. पण बोलणारी बाई इंग्रजी बोलतच नाहीये. ती मराठी बोलतेय. आणि तिला हा शब्द का लागला, ते पाहण्यासारखं आहे.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा रिवाज आपल्याकडे होता. नाव घ्यायचंच तर उखाण्यात. मग चारचौघांत नवऱ्याबद्दल बोलायचं कसं? घरात ‘हे’ म्हणून भागतं, पण बँकेतल्या कारकुनासमोर ‘हे’ म्हणजे कोण? ‘नवरा’ हा शब्द परक्यासमोर अनेकींना उघडावाघडा वाटतो. ‘पती’ पुस्तकी वाटतो. ‘यजमान’ हा शब्द चालायचा, अजूनही चालतो. पण तोही मूळचा नवरा नव्हेच! संस्कृतात यजमान म्हणजे यज्ञ करवणारा. त्यावरून ज्याच्या घरी कार्य आहे तो घरधनी आणि त्यावरून बाईच्या तोंडी नवरा. मिस्टर आला तो या यजमानांच्या शेजारी बसायला.

‘मिस्टर अँड मिसेस अमुक’ अशी जोडी ऐकली की त्यातला एक नवरा, एक बायको, हे भाषा न येणाऱ्यालाही कळतं. शब्द भारदस्त, परका, म्हणून संकोच नाही. आणि मराठीने त्याला लगेच आपलं व्याकरण दिलं. ‘मिस्टर आले’ असंच म्हणतात, ‘मिस्टर आला’ असं कोणी म्हणत नाही. म्हणजे आदरार्थी अनेकवचन या शब्दाला चिकटलेलंच आहे. ‘मिसेस’ बाबतीत मात्र ‘माझी मिसेस’ही ऐकू येतं आणि ‘आमच्या मिसेस’ही. त्यावरून काय समजायचं ते तुम्ही समजा. (हशा)

या मिस्टरचं कूळही पाहू. लॅटिनमध्ये ‘मॅजिस्टर’ म्हणजे वरचढ माणूस, शिक्षक. त्यापासून इंग्रजीत मास्टर झाला आणि मास्टरचाच उच्चार ढिला होऊन मिस्टर. त्याच लॅटिन शब्दाचा पोर्तुगीज वंशज ‘मेस्त्र’, म्हणजे उस्ताद कारागीर. तो आपल्याकडे मेस्त्री झाला. म्हणजे घर बांधणारा मेस्त्री, शाळेतले मास्तर आणि घरातले मिस्टर, हे तिघे एकाच शब्दाचे वंशज आहेत. तीन वाटांनी आले आणि तीन वेगळ्या जागा धरून बसले.

त्यातल्या मास्तरांचं पुढे काय झालं? एके काळी हा आदराचा शब्द होता. पण खूप वापराने आदर झिजतो. ‘मास्तरकी’ म्हटलं की आता त्यात थोडा हिणवण्याचा सूर येतो. ती आदराची जागा रिकामी झाली आणि तिथे ‘सर’ आले. इंग्रजीत सर हे प्रामुख्याने समोरच्याला हाक मारायला वापरतात. मराठीत ‘गणिताचे सर’ असतात, ‘सरांनी सांगितलंय’ असतं. पुन्हा तेच, हाकेचं किंवा उपाधीचं नाम झालं.

हे फक्त इंग्रजीमुळे होतं असं समजू नका. ‘गरीब’ हा अरबी शब्द, तिथे त्याचा अर्थ परका, परदेशी. आपल्याकडे आला तो पैसा नसलेला या अर्थाने आणि मराठीत तर ‘गरीब गाय’ म्हणजे न मारणारी गाय. संस्कृतातला ‘राग’ म्हणजे रंग, आसक्ती. आपला राग म्हणजे संताप.

मग खरा अर्थबदल कोणता आणि नुसती चूक कोणती, हे कसं ओळखायचं? दोन कसोट्या लावा. पहिली, तो अर्थ न समजावता सगळ्यांना सारखाच कळतो का? एकट्याची चूक असेल तर समोरचा ‘काय म्हणालात?’ असं विचारतो. दुसरी, त्या जागी मराठी शब्द ठेवला तर अर्थ किंवा सूर बदलतो का? ‘मुलीला क्लास लावला’ म्हणजे पैसे भरून खासगी शिकवणी. ‘मुलीला वर्ग लावला’ म्हणून बघा, वाक्य कोसळतं. दोन्ही कसोट्या उतरल्या तर तो शब्द त्या अर्थाने मराठी झाला.

शेवटी एका शिक्षिकेने चिठ्ठी पाठवली आहे: ‘मुलं इंग्रजीतही स्टील ग्लास लिहितात. त्यांना चूक म्हणायचं की नाही?’ इंग्रजीच्या वहीत सुधारायला हवंच. तिथे भांड्याला टम्बलर म्हणा, नवऱ्याला हजबंड म्हणा. पण सुधारताना ‘तुमच्या घरी चुकीचं बोलतात’ असं म्हणू नका. मुलाला सांगा की हे दोन शब्द आहेत, एक मराठी ग्लास आणि एक इंग्रजी ग्लास. उच्चार जवळजवळ सारखा, अर्थ वेगळा. हे कळलं की मूल इंग्रजी नीट लिहील आणि आई ‘माझे मिस्टर’ म्हणाली तर त्याला लाजही वाटणार नाही.

आज इथेच थांबू.